लिंपण, निगा, जीर्णोद्धार: वास्तूच्या पाटीवरची मराठी

वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी राहायला आले. शेगावशी घोळ होऊन पत्रे भलतीकडे जाऊ लागल्यामुळे 1940 मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. तिथल्या आश्रमातली पहिली वास्तू म्हणजे आदि निवास. घराचा खर्च शंभर रुपयांच्या आत राहावा, साहित्य आणि कारागीर आसपासचेच असावेत, अशी अट घालून ही घरे उभी राहिली. बांधकामावर मीराबेन यांची देखरेख होती. त्यांनी स्वतःसाठी बांधलेली झोपडीच पुढे गांधीजींची झाली आणि बापू कुटी म्हणून ओळखली जाऊ लागली. भिंती मातीच्या, आधार लाकडाचा आणि बांबूचा, वर कवेलू. भिंतीवर मीराबेन यांनी मातीनेच ताडाची झाडे, चरखा आणि ॐ उठवला आहे.

या व्याख्यानाचा विषय आहे वास्तू आणि त्यांचे जतन यांसंबंधीच्या इंग्रजी संज्ञांना पाटीवर, निविदेत आणि सरकारी सूचनेत सोपे पण नेमके मराठी शब्द कसे द्यायचे. किल्ल्यांच्या बाबतीत मराठीला ही अडचण फारशी येत नाही. तट, बुरूज, माची, बालेकिल्ला, देवडी, दिंडी, जंग्या, चर्या, फांजी हे शब्द लोकांच्या तोंडी आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ ठरलेला आहे. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून रघुनाथ पंडितांनी रचलेल्या राज्यव्यवहारकोशात दुर्गवर्ग हा स्वतंत्र विभाग होता. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे हा त्याचा हेतू होता. तरीही बुरूज आणि दरवाजा टिकून राहिले, कारण किल्ल्यावर राबणारी माणसे तेच शब्द वापरत होती. खरी पंचाईत होते ती बापू कुटीसारख्या साध्या घराची. मातीच्या घराचे शब्दही मराठीत भरपूर आहेत, पण ते कागदावर येत नाहीत. कागदावर येतो तो 'गिलावा'.

समजा, अशाच एखाद्या मातीच्या वास्तूच्या दुरुस्तीची निविदा निघाली. कार्यालयीन साच्यात वाक्य तयार होते: 'सदर वास्तूच्या बाह्य भिंतींवरील क्षतिग्रस्त गिलाव्याचे पुनर्स्थापन करून वास्तूचे जतन व संवर्धन करणे.' व्याकरणात यात काहीच चूक नाही, पण या वाक्याने भिंतीचा जीव जाऊ शकतो. बांधकामाच्या आजच्या व्यवहारात गिलावा म्हटले की वाळू-सिमेंटचा थर डोळ्यांपुढे येतो. दरपत्रकातही तो तसाच सापडतो. ठेकेदार सिमेंट आणतो आणि त्याने काही फसवणूक केली असेही म्हणता येत नाही, कारण कागदावर जे लिहिले होते तेच त्याने केले.

मातीची भिंत जमिनीतली ओल थोडी थोडी वर खेचते आणि ती पृष्ठभागातून वाळून जाते. वरचा थर मातीचा असेल तर हे वाळणे चालू राहते. सिमेंटचा कडक थर चढवला की ओल बाहेर पडण्याची वाट बुजते. मग ती भिंतीतच राहते किंवा थर संपतो तिथपर्यंत उंच चढते. तिच्याबरोबर जमिनीतले क्षारही चढतात, थराच्या मागे साठतात आणि माती भुसभुशीत करतात. बाहेरून एक-दोन वर्षे भिंत गुळगुळीत, नवी दिसते. पुढे थर फुगतो आणि बोटाने ठोकल्यावर पोकळ वाजतो. एखाद्या पावसाळ्यात सिमेंटचा पापुद्रा पडतो आणि भिंतीची माती सोबत घेऊनच पडतो. हा सगळा अपघात ज्या ठिकाणी सुरू होतो, ते ठिकाण म्हणजे एक शब्द.

मातीच्या भिंतीवर एकच थर नसतो आणि विदर्भातल्या घरांत या थरांना वेगवेगळी नावे आहेत. भिंतीवर हाताने दाबून चढवलेला जाड थर म्हणजे लिंपण. त्यावर शेण-मातीचा पातळ हात फिरवला की ते सारवण. आणि पांढऱ्या मातीच्या पातळ पाण्याने भिंत उजळली की तो पोतारा. तिन्ही कामांचे साहित्य वेगळे, जाडी वेगळी आणि वारंवारताही वेगळी. सारवण घरातली माणसे सणावारी करतात, पोतारा दिवाळीच्या आधी होतो आणि लिंपण सुटेल तेव्हाच नवे करायचे असते. इंग्रजी अहवालात या तिन्हींसाठी बहुधा प्लास्टर हाच शब्द असतो, फार तर त्याआधी मड हे विशेषण. इथे मराठीला इंग्रजीच्या मागे धावण्याचे कारण नाही. नेमकेपणा मराठीकडेच अधिक आहे आणि भाषांतर करताना तो आपणच टाकून देतो.

तरी 'लिंपण' एवढे लिहून काम भागत नाही, कारण माती कोणती हा प्रश्न राहतो. इंग्रजीतल्या क्लेचे भाषांतर कोशात पाहून 'चिकणमाती' असे केले, तर वर्धा जिल्ह्यातला मजूर शेतातली काळी माती आणील. तिच्याइतकी चिकण माती जवळपास दुसरी नाही. पण कपाशीची ही काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा शेतकऱ्याला ठाऊकच असतात. भिंतीवर ती चढवली की तशाच भेगा भिंतीवर पडतात. म्हणून जुनी घरे 'पांढरी'च्या मातीने बांधली जात. पांढरी म्हणजे गावठाण आणि काळी म्हणजे शेतजमीन ही जुनी जोडी मराठी दप्तरांतही आहे. तेव्हा निविदेत 'पांढरी माती' असे लिहिले तर गवंड्याला माती कुठून आणायची तेही कळते. त्यात कुटार किती, हे मात्र कागदाने आधी ठरवून टाकू नये. फूटभर चौरस तुकडा लिंपून तो सावलीत वाळू द्यावा. भेगा पडल्या तर कुटार किंवा बारीक रेती वाढवावी, भुकटी सुटू लागली तर माती वाढवावी. कागदाने आग्रह धरायचा तो हा नमुना करून पाहण्याचा.

वरचे कार्यालयीन वाक्य मग असे लिहिता येईल: 'बाहेरच्या भिंतींवर जिथे लिंपण सुटले आहे आणि ठोकल्यावर पोकळ वाजते, तेवढेच काढावे. घट्ट असलेले लिंपण काढू नये. नवे लिंपण गावठाणातली पांढरी माती आणि कुटार यांचे असावे. माती भिजवून, तुडवून, मुरवून घ्यावी. सिमेंट कोणत्याही प्रमाणात मिसळू नये. आधी एक चौरस फुटाचा नमुना करून दाखवावा. भिंतीवरील मातीच्या उठावकामाला हात लावू नये.' वाक्ये वाढली हे खरे. पण पहिल्या वाक्यात न मोजता येणारे 'जतन व संवर्धन' होते, आणि दुसऱ्या मजकुरातली प्रत्येक गोष्ट जागेवर जाऊन तपासता येते. लेखापरीक्षकालाही हेच सोयीचे आहे.

त्यातला 'उठावकाम' हा शब्द मुद्दाम घातला आहे. मीराबेन यांच्या कामाला पाटीवर भित्तिचित्र म्हटले, तर वाचणारा रंगवलेले चित्र समजेल. उद्या रंग उडाल्यासारखे वाटले म्हणून कोणी कुंचला घेऊन आला, तर त्याला अडवायला पाटीचा आधार मिळणार नाही. 'भिंतीवर मातीनेच उठवलेले ताडाचे झाड' एवढे म्हटले की पाहणाऱ्याची नजर पृष्ठभागाच्या उंचसखलपणाकडे जाते आणि दुरुस्ती करणाऱ्याचा हात थांबतो.

ओलीच्या बाबतीतही असेच आहे. भिंतीच्या पायथ्याशी दिसणारी ओल आणि छपराजवळ दिसणारी ओल यांची कारणे वेगळी, उपायही वेगळे. अहवालाच्या मराठीत दोन्हींना 'आर्द्रता' म्हणून मोकळे होण्याची सवय आहे. बोलीत फरक स्पष्ट आहे: ओल खालून चढते, पाणी वरून झिरपते. खालून चढणाऱ्या ओलीसाठी पुस्तकी मराठीत केशाकर्षण हा शब्द आहे. तो शाळेच्या विज्ञानात शोभतो, कारण तिथे क्रियेचे तत्त्व सांगायचे असते. पाहणीच्या नोंदीत मात्र 'उत्तरेच्या भिंतीवर ओल दोन फूट चढली आहे' असे लिहावे. ओल वाळल्यावर मागे राहणाऱ्या क्षारांच्या पांढऱ्या फुलोऱ्यालाही मराठीत शब्द आहे, लोणा. 'भिंतीला लोणा लागला' हे वाक्य आजीच्या तोंडून ऐकलेला अभियंता अहवालात 'क्षारोत्सर्जन' असे काहीतरी जुळवत बसतो, याचे वाईट वाटते.

भेगांची गोष्ट थोडी अवघड आहे. भेग, चीर, फट, तडा असे चार शब्द बोलीत आहेत, पण त्यांच्या सीमा माणसागणिक बदलतात. इथे शब्दावर विसंबू नये. तडा म्हणजे भिंतीच्या आरपार गेलेली फूट आणि भेग म्हणजे वरच्या थरातली, असे कागदाच्या सुरुवातीला ठरवून घ्यावे आणि रुंदी मिलिमीटरमध्ये द्यावी. बोलीतला शब्द जिथे पुरेसा बांधलेला नाही तिथे तो बांधून घेणे, हे लिहिणाऱ्याचे काम आहे.

छपराकडे आले की पुन्हा मराठीची बाजू भक्कम होते. पावसाळ्यापूर्वी कवेलू उतरवायचे, खालचे वासे आणि बांबू पाहायचे, फुटलेले कवेलू बाजूला काढायचे, शाबूत असलेले पुन्हा रचायचे आणि उणीव तेवढी नव्याने भरायची, या साऱ्या कामाला कवेलू फेरणे किंवा घर शाकारणे म्हणतात. या एका क्रियापदात 'शाबूत ते ठेवायचे' ही अट अनुस्यूत आहे. कागदावर 'छप्पर बदलणे' आले की ती अट निघून जाते आणि जुने हातघडणीचे कवेलू एकगठ्ठा फेकले जातात. जतनाच्या शास्त्रात कमीत कमी हस्तक्षेपाचे तत्त्व शिकवायला जे प्रकरण लागते, ते शाकारणीत आधीपासूनच आहे.

आता मोठ्या शब्दांकडे. ऑस्ट्रेलियातल्या बरा या गावी 1979 मध्ये स्वीकारलेल्या आणि पुढे सुधारलेल्या सनदेने जतनाच्या कामांच्या व्याख्या अगदी साध्या इंग्रजीत दिल्या. मेंटेनन्स म्हणजे वास्तूची सततची काळजी. प्रिझर्वेशन म्हणजे आहे त्या अवस्थेत टिकवणे. रिस्टोरेशन म्हणजे नंतरची भर काढून किंवा आहेत तेच भाग पुन्हा जुळवून, माहीत असलेल्या पूर्वीच्या अवस्थेकडे नेणे. रिकन्स्ट्रक्शन म्हणजे तेच, पण नवे साहित्य घालून. शेवटच्या दोहोंमधली रेषा तिथे नव्या साहित्याने आखली आहे. मराठीत या चौघांसाठी जतन, संवर्धन, संरक्षण, पुनरुज्जीवन, जीर्णोद्धार हे शब्द अदलाबदलीने वापरले जातात आणि ती रेषाच पुसली जाते.

त्यातला जीर्णोद्धार हा शब्द सर्वात जपून वापरायला हवा. तो जुना आहे, पुण्यकर्माचा आहे आणि लोकांना पूर्ण कळतो. अडचण हीच की तो फार वेगळ्या अर्थाने कळतो. गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे बहुतेक वेळा जुने उतरवून नवे, मोठे, भक्कम बांधणे. देव आणि पूजा अखंड राहिली की परंपरेच्या दृष्टीने देऊळ तेच राहते. या दृष्टीला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. इन्टॅक या संस्थेच्या 2004 च्या सनदेनेही जीर्णोद्धाराच्या भारतीय परंपरेची दखल घेतली आहे. पण एखाद्या संरक्षित देवळाच्या पाटीवर 'जीर्णोद्धाराचे काम सुरू' असे लिहिले, तर गावकरी नव्या शिखराची वाट पाहतात, आणि दोन वर्षांनी तेच जुने, झिजलेले दगड जागच्या जागी बसलेले पाहून फसवणूक झाल्यासारखे त्यांना वाटते. तिथे 'देवळाचे दगड क्रमांक घालून उतरवले आहेत. तेच दगड त्याच जागी पुन्हा बसवले जातील' असे लिहावे. ज्या कामाला तज्ज्ञ ॲनास्टायलोसिस म्हणतात ते यात पुरे आले आहे, आणि दहावीतला विद्यार्थीही ते आपल्या आजोबांना वाचून दाखवू शकतो.

संवर्धन या शब्दाबद्दल वर्ध्यात बोलताना एक जास्तीची गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. राष्ट्रभाषा प्रचार समिती इथे 1936 पासून आहे, हिंदी विश्वविद्यालय इथे आहे, आणि देशभरातून माणसे येत असल्याने या जिल्ह्यातल्या पाट्या हिंदी-मराठीत शेजारी शेजारी लिहिल्या जातात. लिपी एकच असल्यामुळे शब्द एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सहज उतरतात. हिंदीत वास्तूचे कन्झर्व्हेशन म्हणजे संरक्षण. मराठीत संरक्षण म्हटले की राखण, पहारा, कुंपण आणि संरक्षण खाते आठवते. उलट मराठीत वास्तूंसाठी रुळलेले संवर्धन हिंदीत वाढ किंवा चालना या अर्थाकडे झुकते, आणि मराठीतही पशुसंवर्धन, मत्स्यसंवर्धन यांत वाढीचाच अर्थ आहे. म्हणून छत्रीसारखा एक शब्द हवा असेल तिथे मराठीत जतन बरा. त्यात वाढवण्याची सूचना नाही. त्याच्या खाली प्रत्यक्ष काम कोणते, ते वेगळे सांगावे: डागडुजी, शाकारणी, पूर्वरूप देणे, नव्याने उभारणे.

आणि मेंटेनन्ससाठी निगा. देखभाल चालेल, पण निगा अधिक चांगला, कारण त्यात रोजचेपणा आहे. मातीच्या वास्तूला हा शब्द फार जवळचा आहे. बापू कुटीसारख्या घराचा पृष्ठभाग मुळात जुना राहण्यासाठी नाहीच. सारवण झिजते, पुन्हा केले जाते, कवेलू फुटतात, बदलले जातात. बराच्या व्याख्या शब्दशः लावल्या तर नवी माती आली म्हणून दर वर्षी पुनर्बांधणी झाली असे कोणी म्हणेल. ते चुकीचे ठरेल, कारण ती सनदही सततच्या काळजीला दुरुस्तीपासून वेगळे काढते. पाटीवर 'ही झोपडी मूळ स्वरूपात जशीच्या तशी आहे' असे लिहिणे म्हणूनच बरोबर नाही. 'भिंतींची माती आणि छपरावरचे कवेलू वेळोवेळी नव्याने घालतात. घराचा आकार, साहित्य आणि बांधण्याची रीत पूर्वीची ठेवली जाते' हे बरोबर आहे. पाहणाऱ्याला यातून वास्तू कमी नव्हे, जास्त कळते.

आतापर्यंतच्या शब्दांच्या चुकांची किंमत भिंतीने मोजली. कायद्याच्या शब्दांची किंमत माणसे मोजतात. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांभोवतीच्या बांधकामाचे नियम प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात 2010 च्या दुरुस्तीने आले. विदर्भात मार्कंडा, गाविलगड अशा ठिकाणी ते लागू होतात. पहिल्या 100 मीटरांना प्रतिषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढच्या 200 मीटरांना विनियमित क्षेत्र म्हणण्याची रीत आहे. हे दोन्ही शब्द मराठी वाचकाला सारख्याच अंतरावर ठेवतात. पहिल्याला 'बांधकामबंदीचे क्षेत्र' आणि दुसऱ्याला 'परवानगीने बांधकामाचे क्षेत्र' म्हटले तर कायदा जराही ढिला होत नाही. पण अंतर कुठून मोजायचे तेही लिहायला हवे. ते देवळाच्या भिंतीपासून नव्हे, तर संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्राच्या हद्दीपासून मोजतात. गावात बहुतेक वाद याच फरकावर होतात.

त्याहून नाजूक फरक दुरुस्ती आणि पुनर्बांधणी यांच्यात आहे. कायद्याच्या व्याख्येत जुनी इमारत होती तेवढ्याच लांबी-रुंदी-उंचीत पुन्हा उभारणे ही पुनर्बांधणी, आणि दुरुस्तीत ती मोडत नाही. पहिल्या 100 मीटरांत 16 जून 1992 पूर्वीच्या घराच्या किंवा त्यानंतर रीतसर मंजुरीने बांधलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. पाडून पुन्हा उभारण्यासाठी येत नाही. पुढच्या 200 मीटरांत दोन्हींसाठी येतो. बोलीत मात्र खचलेली भिंत नीट करणे आणि पडके घर उतरवून तिथेच तसेच बांधणे या दोहोंनाही माणूस 'घर दुरुस्त केलं' असेच म्हणतो. त्याच्या मनात काही लपवाछपवी नसते, आणि शिक्षा मात्र दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे सोपा शब्द घातक आहे, कारण तो सोपा असूनही रुंद आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर म्हणून संज्ञेऐवजी कृती लिहावी: 'या हद्दीत जुने घर पाडून त्याच जागी तेवढेच घर बांधण्यासही मनाई आहे. उभ्या घराची दुरुस्ती करायची असेल तर आधी परवानगी घ्या.' खाली कायद्याचे नाव, वर्ष आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयाचा पत्ता. मूळ संज्ञा कंसात एकदा द्यावी, म्हणजे नोटीस आली तर ती याच फलकाशी जुळवून पाहता येईल.

भाषा संचालनालय 1960 मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या परिभाषा कोशांनी मोठे काम केले. एका संज्ञेला राज्यभर एकच प्रतिशब्द असणे न्यायालयात आणि विद्यापीठात लागतेच. पाटीची गरज वेगळी आहे आणि ती कोशाने भागवावी अशी अपेक्षा करणेच चूक. कोशातून संज्ञा घ्यावी, कारागिराकडून क्रियापद घ्यावे. कारागिराचा शब्द देशी असो वा परका, तोच ठेवावा. ट्रसला सुतार कैची म्हणतो, तर कैची लिहावे. भिंतीच्या पोकळीत चुन्याचे पातळ मिश्रण सोडण्याला गवंडी ग्राउटिंग म्हणतो, तर ग्राउटिंगच लिहावे आणि पहिल्यांदा येईल तिथे काम काय ते एका वाक्यात सांगावे.

मजकूर बरोबर उतरला की नाही, हे पाहायला एक रीत आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. इंग्रजी मूळ न पाहिलेल्या गवंड्याला मराठी मजकूर वाचून दाखवावा आणि विचारावे, आता तुम्ही काय आणाल, कुठून सुरुवात कराल, कशाला हात लावणार नाही? त्याची उत्तरे लिहून घ्यावीत आणि मूळ अहवाल लिहिणाऱ्या वास्तुविशारदासमोर ठेवावीत. दोघांचे जिथे जुळत नाही, तिथला शब्द बदलायचा. निविदा निघण्यापूर्वी हे केले तर बदल पेनाने होतो. काम सुरू झाल्यावर त्यासाठी छिन्नी लागते, आणि सिमेंटचा थर छिन्नीने काढताना त्याखालची माती शाबूत राहील याची हमी कोणताही कारागीर देत नाही.